रॅक नाही, फक्त स्मिथ मशीन आणि केबल. स्क्वॉट-डेडलिफ्टचं काय करू?

घामट:
नवीन जिममध्ये स्क्वॉट रॅकच नाही. स्मिथ मशीन, केबल, डंबेल्स, बस. माझं बारबेलवर ५×५ चालू होतं. आता स्मिथवर तेवढंच वजन लावतोय तर हलकं लागतं, आणि वर गुडघा समोरून दुखतो. हे उलटंच नाही का? स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि रो, तिन्हीला बदली सांगा. 'जिम बदला' कृपया नको, वर्षाचे पैसे भरून झालेत.

दांडपट्टा:
तेवढंच म्हणजे किती? दांडा सरळ वरखाली जातो की तिरका? पाय कुठे ठेवता? डंबेल जास्तीत जास्त किती किलोचं आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

लोहभीम:
स्मिथवर स्क्वॉट करूच नका. दांडा एका रेषेत अडकलेला, सगळा भार गुडघ्यावर येतो. सुटा बारबेल असेल तर जमिनीवरून क्लीन करून खांद्यावर घ्या आणि फ्रंट स्क्वॉट मारा. रॅक लागतंय कशाला?

निवांत_७:
घरी रॅक बसवणार असाल तर आधी छताची उंची मोजा. मी न मोजता आणलं, आता पुलअप करताना डोकं आपटतं.

घामट:
@निवांत, घरी नाही हो, जिममध्ये!
@दांडपट्टा, ८० किलो. दोन्ही बाजूंना तीस-तीस, अधिक वीसचा दांडा. मशीन सरळ आहे. पाय नेहमीसारखेच, दांड्याच्या बरोबर खाली. डंबेल तीसपर्यंत. सुटा बारबेल एक आहे, पण त्यावर कायम कोणीतरी बेंच मारत असतं.

दांडपट्टा:
मग तुमचे ८० हे ८० नाहीतच. बहुतेक स्मिथ मशीनमध्ये दांड्याला आतून प्रतिवजन जोडलेलं असतं, त्यामुळे तो वीस किलोचा लागत नाही. बाथरूममधला वजनकाटा बेंचवर ठेवा, रिकामा दांडा त्यावर हळूच टेकवा आणि आकडा वाचा.

गुडघ्याचं कारण पाय. मोकळ्या बारबेलखाली बसताना आपण नकळत कंबर मागे आणि छाती पुढे नेऊन तोल राखतो. स्मिथवर दांडा पुढेमागे सरकत नाही, म्हणून पाय खालीच असले की गुडघेच पुढे पळतात. पाऊल अर्ध्या पावलाएवढं पुढे घ्या, रिकाम्या दांड्यावर बसून बघा. सगळ्यात खालच्या जागेपेक्षा दोन बोटं खाली स्टॉपर लावा. मग हळूहळू प्लेट चढवा, शेवटच्या सेटला दोन-तीन रेप्स शिल्लक राहतील इतपतच. जुन्या आकड्याचा हिशोब जुळवत बसू नका, इथे तोल मशीन सांभाळतं.

@लोहभीम, क्लीन करून खांद्यावर येईल तेवढंच वजन फ्रंट स्क्वॉटला मिळणार. ज्याचे पाय ८० उचलतात त्याला क्लीन पन्नासचंही जमेल की नाही सांगता येत नाही.

लोहभीम:
शिकायचं मग. स्मिथच्या सवयीने रॅकवर परत गेल्यावर पाय लटपटतात, स्वतः अनुभवलंय.

दांडपट्टा:
ते खरं आहे. म्हणून सोबत डंबेल घेऊन बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट ठेवा, तोलाचं काम राहतं आणि एका पायाला तीसची जोडी कमी पडत नाही.

डेडलिफ्टला स्मिथवर रोमेनियन करा. जमिनीवरून नको, कारण बऱ्याच मशीनवर दांडा तेवढा खाली येतच नाही.

सुलू_के:
केबल पुल-थ्रू विसरलात! मी तर डेडलिफ्टऐवजी तेच करते. पाठ कधी धरत नाही.

दांडपट्टा:
हलक्या वजनाला उत्तम. जड केलं की नितंब थकायच्या आधी केबलच माणसाला मागे ओढते. शिवाय पुली बघा. हँडल दोन वीत ओढल्यावर वजनाचा गठ्ठा एकच वीत उचलला जात असेल, तर पिनवर पन्नास असलं तरी हाताला साधारण पंचवीसच लागतात. रोला मात्र बसून केबल रो बिनधास्त घ्या, तिथे कंबर आधी दमायचा प्रश्नच नाही.

घामट:
काट्यावर ९ आलं! म्हणजे मी ६९ वर दुखवून घेत होतो. पाय पुढे घेतले, गुडघा बराच शांत. पण तळाशी गेलं की कंबर आत गोल होते आणि बूट पुढे घसरतो.

दांडपट्टा:
जास्तच पुढे गेलात. दोन बोटं मागे या आणि कंबर वळायच्या आधी थांबा, तोच तुमचा तळ. तरीही गुडघा दुखलाच तर मात्र डॉक्टरांना दाखवा, इथून कळणार नाही.

निवांत_७:
आमच्याकडे तिरकं स्मिथ आहे. तोंड कुठल्या बाजूला करायचं?

सुलू_के:
खाली जाताना दांडा मागे सरकेल असं.

लोहभीम:
उलट! मागे सरकला की टाचेवर पडाल.

दांडपट्टा:
रिकाम्या दांड्यावर दोन्हीकडून बसून बघा. मला सुलूंचं पटतं, पण आमच्या जिममधले निम्मे लोक दुसऱ्या बाजूने करतात आणि त्यांचंही बरं चाललंय. बेंचला मात्र वाद नाही, वर जाताना दांडा डोक्याकडे सरकला पाहिजे.

निवांत_७:
बेंच तर मी जमिनीवर झोपूनच करतो, रॅकच्या आत मावत नाही.