मदत हवी आहे : गोष्ट कुत्रा सांगतोय, पण मधेच मीच बोलायला लागते

मिरजकर तिकटीजवळचा एक भटका कुत्रा शाळेतून घरी जाणाऱ्या मुलीशी झालेली दोस्ती सांगतो, अशी छोटी कथा लिहितेय. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून तिच्या लाल रिबिनी काढून टाकल्या. आता तो तिला वासानं ओळखतो: खडूची पूड, डब्यातली गूळ-चपाती, ओले मोजे. हे जमलं.

अडलंय पुढं. मे महिन्यात ती येत नाही, आणि ‘सुट्टी’ त्याला कशी कळणार? मी लिहिलंय, ‘घंटा वाजली नाही. पायरीवरचा तिचा वास रोज पातळ होत गेला.’ एवढ्यावर वाचकाला कळेल का? की चहावाल्याच्या तोंडी एक वाक्य घालू? पण मग माणसांचं बोलणं त्याला किती समजू द्यायचं? कुणी असं लिहिलं असेल तर सांगा की.