निळी खूण नक्की कुठे आहे?

> "एवढा स्क्रीनशॉटच आहे. या माणसावर विश्वास ठेवू का?"

चादरी विकणाऱ्या या माणसाच्या इन्स्टाग्राम प्रोफाइलचा तुमचा स्क्रीनशॉट पाहिला. माणूस कसा आहे ते यावरून कळत नाही, पण प्रोफाइल मला खोटं वाटतंय. इन्स्टाग्रामची खरी निळी खूण सगळ्यात वर, युजरनेमला लागून असते. इथे ती फोटोखालच्या नावात आहे, म्हणजे चिकटवलेला इमोजी. म्हणे सोलापुरी चादरींचा जुना कारखाना, आणि नऊ फोटोंत एकही माग नाही! (आमच्याकडचा कारखानदार आधी माग दाखवतो.) अ‍ॅडव्हान्स देण्याआधी प्रत्यक्ष अकाउंट उघडा, About this account बघा. अकाउंट सुरू झाल्याची तारीख गेल्या महिन्याची असेल तर व्यवहार सोडा. जुनी असली तरी आधीची युजरनेम किती ते पाहा. विकत घेतलेलं किंवा हॅक केलेलं अकाउंटही जुनंच दिसतं.