समान तुकडे पाडले की मार्केटला पत्ता लागत नाही म्हणे!

धरमपेठकर (मूळ पोस्ट): १५ हजार शेअर विकायचे आहेत. स्मॉलकॅप, रोजचा व्हॉल्यूम साधारण ६० हजार. एकदम टाकले तर भाव पडेल, म्हणून ९:१५ ते ३:३० दर पंधरा मिनिटांनी ६०० ची मार्केट ऑर्डर. २५ तुकडे, काम फत्ते. मार्केटला पत्ताही लागत नाही. एवढं साधं गणित लोकांना कळत कसं नाही?

जुना डीलर: घड्याळ सारखं चालतं हो, व्हॉल्यूम नाही चालत. सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांत ९ हजारांची उलाढाल झाली तर तुमचे ६०० कुठे गेले ते कोणाला दिसणार नाही. साडेबारानंतर त्याच पंधरा मिनिटांत जेमतेम ८०० होतात, आणि त्यातले ६०० तुमचेच! मे महिन्याच्या दुपारी बर्डीवर एकटं फिरल्यासारखं आहे ते, प्रत्येक दुकानदार बघणार.

वरून मार्केट ऑर्डर. समजा समोर २१२.४० ला १८०, २१२.१० ला २५० आणि २११.५० ला ३०० ची मागणी आहे. तुमचे ६०० पहिल्या दोन पायऱ्या साफ करून तिसरीतले १७० खातात. सरासरी २१२.०२. एका तुकड्याला ३८ पैसे, फार नाही. पण पंधरा मिनिटांत त्या पायऱ्या पुन्हा भरल्या नाहीत तर पुढचा तुकडा खालूनच सुरू होतो. आणि बरोबर पंधराव्या मिनिटाला ६०० येतात हे तिसऱ्या वेळी समोरच्याला कळतं. तो आपली खरेदी मागे घेऊन २११ ला बसतो. तुम्ही येणारच आहात.

इतवारीचा भाऊ: काय बे, सगळ्यांना घाबरवून राहिला! व्हॉल्यूम पाहून विकायचं म्हणता, पण स्मॉलकॅपचा व्हॉल्यूम कालचा पाहून आजचा कळते का? मधेच कोणी ३० हजारांचा सौदा केला की व्हॉल्यूमच्या मागे धावणारा अल्गो तिथेच माल ओततो. घड्याळवाला निदान त्या नादी लागत नाही.

जुना डीलर: हे मात्र खरं. बोलायचं नव्हतं, पण खरं. म्हणून मी व्हॉल्यूमच्या मागे धावा म्हणत नाही, मर्यादा घाला म्हणतो. तुकडा घड्याळानेच पाडा, पण त्या वेळच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांवर जायचं नाही. उरलेलं पुढे ढकला. वेळ आणि आकडा दोन्ही थोडे मागेपुढे करा, आणि मार्केटऐवजी लिमिट लावा. ६० हजारांच्या शेअरमध्ये दिवसाला ६ हजार बसतात, म्हणजे १५ हजारांना तीन दिवस.

वर्धा रोडवाली: तुमचं तुकड्यांचं पुराण चालू द्या, माझ्या ब्रोकरेजचं कोण बोलणार? सासऱ्यांचे शेअर विकायला घेतले, ब्रोकरच्या माणसाने सांगितलं "मॅडम, तुकडे करा." केले. प्रत्येक ऑर्डरला २० रुपये! २५ ऑर्डरचे ५००, वर जीएसटी धरून ५९०. कॉन्ट्रॅक्ट नोट पाहून सासरे जेवणावर बोललेच नाहीत.

इतवारीचा भाऊ: ताई, माझ्याकडे डिलिव्हरीला ब्रोकरेजच नाही. ब्रोकर बदला.

वर्धा रोडवाली: सल्ला मागितला नव्हता. आणि डीपी चार्ज? तो तरी तुकड्यागणिक नाही ना?

जुना डीलर: नाही, एका कंपनीला दिवसाला एकदाच. पण तीन दिवस विकाल तर तीनदा लागेल.

वर्धा रोडवाली: बघा! म्हणजे डीलरसाहेबांच्या तीन दिवसांच्या शहाणपणालाही मीच पैसे मोजायचे.

धरमपेठकर: ताई, १५ हजार शेअर म्हणजे तीसेक लाखांचा माल, त्यात ५९० रुपयांचं रडगाणं कशाला! मूळ मुद्द्यावर या. डीलरसाहेब, भाव माझ्या विक्रीनेच पडला की मार्केटच पडत होतं, हे ओळखायचं कसं?

जुना डीलर: प्रत्येक तुकड्याच्या आधी खरेदी-विक्रीच्या मधला भाव लिहून ठेवा. पुढच्या तुकड्यापर्यंत भाव परत वर आला, तर तुमचा धक्का तात्पुरता होता. निर्देशांक जागेवर आणि तुमचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा खालून सुरू होत असेल, तर बहुधा तुम्हीच पाडताय. खात्री नाही, कारण दुसराही कोणी तुमच्यासारखाच विकत असू शकतो.

धरमपेठकर: आणि दुसऱ्या दिवशी वाईट बातमी आली तर? माझे ६ हजार गेले, ९ हजार हातात, शेअर लोअर सर्किटला. खरेदीदारच नाही. तुमचे दहा टक्के कशाचे?

इतवारीचा भाऊ: हा प्रश्न बरोबर हाय बरं. आता बोला डीलरसाहेब.

जुना डीलर: शून्याचे. हळू विकण्याची किंमत तीच असते. घाई केली तर धक्का तुम्ही देता, सावकाश गेलात तर जोखीम तुमच्याकडे राहते. बातमीची भीती असेल तर थोडा धक्का सोसून पहिल्याच दिवशी जास्त काढा. किती, ते तुमच्या झोपेवर.

वर्धा रोडवाली: म्हणजे एवढं बोलून उत्तर "तुमचं तुम्ही बघा". हे तर आमचा ब्रोकरपण सांगत होता, आणि तो २० रुपये घेत होता.