मदत हवी आहे: ऑनलाइन विक्रीवर कापलेला टीसीएस कुठे जमा होतो?

चादरवाली: सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. आता एका शॉपिंग पोर्टलवरूनही माल जातो. गेल्या महिन्यात जीएसटी सोडून २,००,००० रुपयांची विक्री झाली, त्यातला ३०,००० चा माल परत आला. पेमेंटच्या हिशेबात कमिशन आणि कुरिअरखेरीज आणखी दोन कपाती आहेत: टीसीएस ८५० रुपये, टीडीएस २०० रुपये. जीएसटीच्या साइटवर कॅश लेजर पाहिलं तर शून्य! ८५० गेले कुठे? आणि दर महिन्याला कर आम्ही स्वतः भरतोच, मग पोर्टलने मध्येच का कापायचा?

नाना_व्यापारी: ताई, वर्षाला पाच लाखांच्या आत विक्री असेल तर काहीच कापायचं नसतं. पॅन अपडेट केलंय ना ते बघा.

करसल्लागार_पुणे: नाना, ती पाच लाखांची सवलत आयकराच्या टीडीएसची, तीही पॅन किंवा आधार दिलेल्या वैयक्तिक विक्रेत्याला. जीएसटीच्या टीसीएसला ती लागू नाही.

ताई, हे दोन वेगळे पैसे आहेत. टीसीएस म्हणजे पोर्टलने तुमच्या विक्रीतून कापून सरकारकडे भरलेला जीएसटी, तो परतीचा माल वजा करून लागतो. १,७०,००० वर अर्धा टक्का म्हणजे ८५०, आकडा बरोबर आहे. (१० जुलै २०२४ पूर्वी दर एक टक्का होता.) पोर्टल तो पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ या आपल्या मासिक रिटर्नमध्ये तुमच्या जीएसटी नंबरावर दाखवतं. पण तेवढ्याने तो लेजरमध्ये येत नाही. रिटर्न डॅशबोर्डवर महिना निवडा, `TDS and TCS credit received` उघडा, रक्कम जुळली तर Accept करा आणि ते फाइल करा. मगच कॅश लेजरमध्ये पैसे दिसतील. नवीन विक्रेते नेमके इथेच अडकतात. रक्कम चुकीची असेल तर Reject करा, म्हणजे दुरुस्तीसाठी ती पोर्टलकडे परत जाते.

२०० रुपये आयकराचे. ते २६एएस या आयकराच्या कर-उताऱ्यात दिसतील आणि वर्षाच्या आयकरातून वजा होतील.

मालवणी_खानावळ: आमची जेवणाची ऑर्डर ॲपवरून जाते. आमच्या हिशेबात जीएसटीचा टीसीएस कधीच दिसला नाही. आमचं काही राहून गेलंय का हो?

करसल्लागार_पुणे: नाही. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून गेलेल्या हॉटेलच्या जेवणाचा पूर्ण जीएसटी ॲपच भरतं, त्यामुळे त्यावर टीसीएस नाही. मात्र समोर गल्ल्यावर झालेल्या विक्रीचा कर तुमचा तुम्हीच बघायचा.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. तुमचा माल पाच टक्क्यांचा, म्हणजे १,७०,००० वर कर ८,५०० रुपये. पोर्टलने कापले ८५०, जेमतेम दहावा हिस्सा. सरकारला यात पैशापेक्षा माग हवा असतो. लाखो विक्रेत्यांच्या मागे फिरण्यापेक्षा, ज्यांच्या हातातून सगळ्यांचे पैसे जातात अशा मोजक्या कंपन्यांकडून दर महिन्याला आकडे घेणं सोपं. पोर्टलने दाखवलेली विक्री तुमच्या रिटर्नमध्ये नसेल तर तफावत लगेच उघडी पडते. पोर्टलला तुमची विक्री लपवून काही मिळत नाही, म्हणून तो आकडा भरवशाचा. जेवणाच्या बाबतीत तर सरकारने अख्खा करच ॲपवर टाकला, कारण हजारो छोटी हॉटेलं आणि तो कर भरणारी ॲपं मोजकीच.

नाना_व्यापारी: पण भुर्दंड विक्रेत्याला! मार्जिन तीन-चार टक्के, त्यात अर्धा टक्का महिनाभर अडकून पडतो.

करसल्लागार_पुणे: हे मान्य. विक्रेत्यांचं खेळतं भांडवल अडकतं म्हणूनच दर निम्म्यावर आणला. लेजरमध्ये आलेली रक्कम त्या महिन्याच्या करात वापरता येते, एवढाच दिलासा.

चादरवाली: सापडलं! आयजीएसटी ६००, सीजीएसटी १२५, एसजीएसटी १२५. बाहेरच्या राज्यात १,२०,००० आणि महाराष्ट्रात ५०,००० विकलं गेलं होतं, त्याच्याशी जुळतंय. Accept करून फाइल केलं, लेजरमध्येही आलं. पण सूत खरेदीचं आणि पोर्टलच्या कमिशनवरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट इतकं आहे की रोख भरावी लागतच नाही. मग हे ८५० असेच साठत राहणार का? आणि टीडीएस पूर्ण २,००,००० वर का? परतीचे ३०,००० तिथे वजा झालेच नाहीत.

करसल्लागार_पुणे: कॅश लेजरमधली जादा शिल्लक आरएफडी-०१ भरून परत मागता येते. दर महिन्याला अर्ज करू नका, थोडी रक्कम साठू द्या. टीडीएसचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, आणि तो एकूण विक्रीवर लागतो. परत आलेल्या मालावर आधीच कापलेला टीडीएस त्याच वर्षातल्या पुढच्या व्यवहारात वळता करायची मुभा पोर्टलला आहे. तुमचं पोर्टल तसं करतं का, हे पुढच्या महिन्याच्या हिशेबात बघा.

चादरवाली: त्यांच्या हेल्पडेस्कला विचारलं, उत्तर आलं की "सिस्टीम आपोआप करते". कुठल्या ओळीत करते ते सांगितलं नाही. इथे कुणाच्या रिपोर्टमध्ये ही वळती रक्कम वेगळी दिसते का?