कॅमरिला की क्लासिक पिव्हट? (ES, रिव्हर्सल ट्रेड)

प्रेषक: ऋतुजा

नमस्कार मंडळी,

मी MES पाच मिनिटांच्या चार्टवर बघते, फक्त सकाळी ९.३० ते ४ या वेळात. आतापर्यंत क्लासिक पिव्हटचे S1 आणि R1 लावून उलट फिरणारे ट्रेड घेत आले. कॅमरिलाच्या पातळ्या फार जवळजवळ येतात असं ऐकलं, म्हणून दोन्ही एकाच चार्टवर लावल्या आणि गोंधळ उडाला. सोपे आकडे घेऊन विचारते. समजा काल उच्चांक ५६४०, नीचांक ५५८०, बंद ५६२८. क्लासिकचा S1 येतो ५५९२ आणि कॅमरिलाचा L4 येतो ५५९५. एक म्हणतं इथे घ्या, दुसरं म्हणतं इथे सौदा मोडला. मग ऐकायचं कुणाचं?

प्रेषक: नितीन

ऋतुजा, सरळ कॅमरिला घे. पट्टे अरुंद, म्हणून स्टॉप लहान, म्हणून धोका कमी. शिवाय क्लासिकमध्ये बंद भावाला किंमतच नाही, तिन्ही आकड्यांची सरासरी काढून मोकळे. कॅमरिला बंद भावापासूनच मोजतात, आणि बाजार शेवटी कुठे थांबला तेच खरं.

प्रेषक: श्रीधर

नितीन, बंद भावाबद्दलचं तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धोक्याबद्दलचं मात्र नाही. ऋतुजाच्याच आकड्यांवर चालू या.

कालची रेंज ६० अंक. कॅमरिला या रेंजला १.१ ने गुणतो आणि पहिल्या पातळीपासून चौथ्यापर्यंत अनुक्रमे १२, ६, ४ आणि २ ने भागतो. आलेला आकडा बंद भावात मिळवला की वरची पातळी, वजा केला की खालची. कामाच्या तिसरी आणि चौथी. शीटमध्ये B ला उच्चांक, C ला नीचांक, D ला बंद भाव टाकून हे लिही:

```
H3: =D2+(B2-C2)*1.1/4
L3: =D2-(B2-C2)*1.1/4
H4: =D2+(B2-C2)*1.1/2
L4: =D2-(B2-C2)*1.1/2
```

म्हणजे H3 ५६४४.५०, L3 ५६११.५०, H4 ५६६१ आणि L4 ५५९५. बंद भावापासून L3 नेहमी रेंजच्या २७.५ टक्क्यांवर, L4 नेहमी ५५ टक्क्यांवर. दिवस कसाही गेला असो, वर-खाली सारखंच अंतर.

क्लासिकचं तसं नाही. तिथे पिव्हट ५६१६, R1 ५६५२, S1 ५५९२. बंद भाव ५६२८ पासून R1 २४ अंकांवर आणि S1 ३६ अंकांवर. बाजार उच्चांकाजवळ बंद झाला की R1 जवळ येतो आणि S1 लांब जातो, नीचांकाजवळ बंद झाला की उलट. पण कितीही जवळ आला तरी R1 किंवा S1 बंद भावापासून रेंजच्या एक तृतीयांशाच्या आत येत नाही, आणि दोन तृतीयांशाच्या पलीकडे जात नाही. L3 चे २७.५ टक्के याच्याही आतले. म्हणून L3 ला भाव बरेचदा टेकतो, S1 ला त्या मानाने कमी.

आता ऋतुजाचा प्रश्न. ५५९२–५५९५ ला दोघं भांडतात, कारण दोघांचा प्रश्नच वेगळा आहे. कॅमरिलावाल्याने खरेदी L3 ला, ५६११ च्या आसपास, केलेली असते. ५५९५ तुटलं की त्याचा अंदाज चुकला, आणि काही जण तिथून उलट शॉर्ट जातात. क्लासिकवाला अजून बाहेरच असतो, त्याचं दुकान ५५९२ ला उघडतं. दोन्ही एकाच चार्टवर ठेवून दोघांचे सिग्नल घेतलेस, तर L3 ची खरेदी तोट्यात कापून तीन अंकांवर पुन्हा खरेदी करशील. एक पद्धत निवड, दुसरीच्या रेषा झाकून टाक.

प्रेषक: प्रमोद

श्रीधरकाका, मी निफ्टीवर बघतो पण मुद्दा तोच. S3 ला खरेदी करा असं सगळीकडे वाचलं, पण आमच्याकडे S3 पर्यंत भाव महिनोन्‌महिने जात नाही. मग L3 ला भाव वारंवार टेकतो असं कसं म्हणता? कॅमरिला बहुतेक अमेरिकेतच चालत असावा.

प्रेषक: वसुधा

प्रमोद, तू क्लासिकचा S3 बघतो आहेस. TradingView च्या `Pivot Points Standard` मध्ये Type बदलून `Camarilla` केलं तरी रेषांवर नावं R3, S3 अशीच येतात. H3, L3 ही नावं बाकीचे लोक वापरतात. ऋतुजाच्या आकड्यांत क्लासिकचा S3 ५५३२ येतो आणि कॅमरिलाचा ५६११.५०. नाव एकच, अंतर जवळपास ८० अंकांचं. आधी Type तपास.

तिथेच `Use Daily-based Values` नावाचा चौकोन आहे. त्यावर खूण नसेल आणि चार्टवर रात्रीचे तास दिसत असतील, तर रात्रीच्या कॅन्डलही हिशेबात येतात आणि रेषा सरकतात. दोघांनी एकाच दिवशी वेगळ्या पातळ्या काढल्या की निम्म्या वेळा कारण हेच असतं.

निफ्टीबद्दल एक. एनएसईवर निर्देशांकाचा अधिकृत बंद भाव वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून ठरत आला आहे, चार्टवरचा शेवटचा सौदा वेगळा असतो. क्लासिकमध्ये हा फरक पातळ होतो, कॅमरिलात पूर्ण उतरतो. नितीनचं अर्धं बरोबर ते इथे. बंद भाव ५६२८ ऐवजी ५६३४ धरला तर L3 सहाच्या सहा अंक वर जाऊन ५६१७.५० होतो, S1 फक्त चार अंक सरकून ५५९६ वर येतो. म्हणजे क्लासिकमध्येही बंद भाव मोजला जातो, फक्त कमी जोराने. ES लाही सेटलमेंटचा भाव आणि पाच वाजताचा शेवटचा सौदा वेगळे असतात. कुठला घ्यायचा ते एकदाच ठरव आणि मग रोज तोच घे.

प्रेषक: श्रीधर

वसुधाताईंनी बरं झालं सांगितलं. आता नितीनच्या 'धोका कमी' कडे येतो.

समजा बाजार ५६२२ ला उघडला, म्हणजे L3 आणि H3 च्या मध्ये. भाव ५६०८.५० पर्यंत घसरला आणि एक पाच मिनिटांची कॅन्डल परत L3 च्या वर, ५६१३ ला बंद झाली. तिथे लाँग. स्टॉप L4 च्या एक अंक खाली, ५५९४. हे १९ अंक, MES च्या एका करारावर ९५ डॉलर. पहिलं टार्गेट कालचा बंद ५६२८ धरलं तर मिळतात १५ अंक, ७५ डॉलर. असे शंभर सौदे केले तर किमान ५६ यशस्वी व्हायला हवेत, तेव्हा कुठे कमिशनआधी बरोबरी होते. H3 पर्यंत थांबलं तर ३१.५ अंक आणि बरोबरीला ३८ पुरतात. पण मधे कालचा उच्चांक ५६४० आडवा येतो आणि बरेच सौदे तिथवर जाऊन परततात.

स्टॉप लहान दिसतो, पण भाव L3 ला जितक्यांदा येतो तितक्यांदा सौदा घडतो आणि तितक्यांदा स्टॉपही लागू शकतो. एकेका सौद्याचा धोका कमी म्हणजे दिवसाचा धोका कमी असं होत नाही. क्लासिकची अडचण वेगळी. S1 ला ५५९२ वर घेतलं तर पुढची पातळी S2 ५५५६ वर, ३६ अंक खाली, आणि टार्गेट पिव्हट २४ अंक वर. तिथे स्टॉप पातळीवरून मिळत नाही, स्वतः ठरवावा लागतो. कॅमरिलाचा खरा फायदा मला हा वाटतो: L3 ला चूक कुठे ठरते, ते L4 आधीच सांगून ठेवतो.

प्रेषक: ऋतुजा

म्हणजे लिमिट ऑर्डर L3 वर लावून ठेवायची नाही, कॅन्डल बंद व्हायची वाट बघायची? त्यात दोन-तीन अंक जातात. आणि बाजार L3 च्या खालीच उघडला तर?

प्रेषक: नितीन

मी लिमिटच लावतो. ५६११.५० ला घेतलं तर H3 पर्यंत ३३ अंक, स्टॉप साडेसतरा. कॅन्डलची वाट बघणारे चांगले सौदे हुकवतात, काका.

प्रेषक: श्रीधर

आणि वाईट सौदेही हुकवतात. ज्या दिवशी भाव L3 आणि L4 एकाच कॅन्डलमध्ये पार करतो, त्या दिवशी लिमिटवाला नक्की आत असतो. यावर आपलं एकमत होणार नाही, राहू दे.

उघडण्याबद्दल: L3 आणि L4 च्या मध्ये उघडला तर लगेच घेऊ नकोस. भाव परत L3 च्या वर आला तरच लाँग, स्टॉप त्या दिवसाच्या नीचांकाखाली. L4 च्या खाली उघडला तर त्या दिवशी रिव्हर्सलचा विचारच सोड.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते रेंजमुळे. काल रेंज २० असेल तर L3 बंद भावापासून साडेपाच अंकांवर येतो. ES ची सकाळची पहिली पाच मिनिटंच तेवढी हलतात, म्हणजे ती पातळी नुसता गोंगाट. शांत दिवसानंतर बाजार एका बाजूला पळण्याची शक्यताही असते, आणि तेव्हा L3 व L4 दोन्ही चहा व्हायच्या आत जातात. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बाजार अर्धाच असतो, त्या दिवसाच्या रेंजवरून सोमवारच्या पातळ्या काढू नकोस. उलट काल फेडची बैठक होऊन रेंज १२० झाली असेल, तर L3 ३३ अंकांवर जातो आणि भाव दिवसभर तिथे फिरकतही नाही.

माझा साधा नियम: मागच्या दहा दिवसांच्या सरासरी रेंजच्या निम्म्याहून लहान किंवा दुपटीहून मोठी रेंज असेल तर त्या दिवशी कॅमरिला बंद. निम्मं आणि दुप्पट हे माझे अंदाजाचे आकडे, शास्त्र नाही.

प्रेषक: वसुधा

रोलओव्हर विसरू नका. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये नव्या कराराचा भाव जुन्यापेक्षा वेगळा असतो. जुन्याचे आकडे आणि नव्याचा चार्ट असं झालं तर सगळ्या रेषा तेवढ्या अंकांनी खोट्या. त्या दिवशी नव्या कराराचाच कालचा उच्चांक, नीचांक, बंद घ्या.

आणि श्रीधर, फक्त ९.३० ते ४ ची रेंज घेणं मला पटत नाही. रात्री युरोपच्या वेळात ५५७१ आणि ५६४३ झाले असतील तर रेंज ७२ होते आणि L3 ५६०८.२५ वर येतो. ऋतुजाच्या उदाहरणात भाव ५६०८.५० पर्यंत आला होता. तुमचा L3 तुटून परत मिळाला, माझा अजून टेकलाच नव्हता; मी तो सौदा घेतलाच नसता.

प्रेषक: श्रीधर

ताई, रात्रीचे सौदे तुरळक असतात, त्यात झालेल्या उच्चांकाला दिवसाच्या पैशाने मान का द्यावा? पण तुम्ही ते सातत्याने तसंच मोजता, म्हणून तुमचं चालतं. ऋतुजा, दोन्ही शीट समांतर ठेव आणि कागदावरच कर. प्रत्येक सौद्यापुढे कालची रेंज, उघडणं कुठे झालं आणि L3 ला भाव किती वाजता आला, एवढं लिही. दुपारी दोनला फेडचा निर्णय असलेले दिवस वेगळ्या रकान्यात.

प्रेषक: प्रमोद

Type बदलला. रेषा आता इतक्या जवळ आल्यात की ऑप्शनच्या प्रीमियममध्ये खरेदी-विक्रीतल्या फरकानेच टार्गेट खाल्लं जाईल असं दिसतंय. यावर कुणी काही मोजलंय का?