अँजिओग्राफी नॉर्मल, तरी पहाटे छातीत दुखतं – मदत हवी आहे

मुग्धा_के: नवऱ्याला (४६) पहाटे छातीत आवळल्यासारखं होतं, घामाघूम होऊन उठतात. दहा-पंधरा मिनिटांत थांबतं. जिना चढताना काही नाही. टीएमटी, अँजिओग्राफी नॉर्मल. मग दुखतंय काय? लवकर सांगा, काल परत झालं.

खवय्या: ॲसिडिटी! मला डिट्टो असंच व्हायचं. सातला जेवा, वर थंड दूध.

मुग्धा_के: पँटोप्राझोल चालू आहे, ढिम्म फरक नाही.

कॅथलॅबवाला: परत झालं तर वाट बघत बसू नका, १०८ बोलवा. आता सांगा, दुखत असताना ईसीजी निघालाय? सिगारेट? दुसरी कुठली गोळी?

मुग्धा_के: एकदा निघाला. एसटीची रेषा वर होती, जिभेखाली सॉर्बिट्रेट दिल्यावर पुढच्या ईसीजीत सरळ. मशीनचा दोष म्हणाले. सिगारेट "अधूनमधून", म्हणजे रोज पाकीट. हृदयाची गोळी नाही, मायग्रेनची प्रोप्रानोलॉल आहे फक्त.

कॅथलॅबवाला: अहो, हेच आधी सांगायचं! ते दोन्ही ईसीजी जपून ठेवा. हा प्रिन्झमेटल अंजायना वाटतोय. धमनीत ब्लॉक नसतो, ती मध्येच आकसते आणि सुटली की सगळं पूर्ववत. अँजिओग्राफीच्या वेळी आकसली नसेल तर नॉर्मलच दिसणार. त्यातून मनगटातून करताना बहुतेकदा नायट्रोग्लिसरीन देतात, त्याने असलेली उबळही सुटते. शंका उरली तर धमनीत असिटिलकोलीन सोडून ती आकसते का बघतात, पण ते सगळीकडे करत नाहीत. औषध डिल्टियाझेम किंवा ॲम्लोडिपिनच्या जातीचं. पहाटे दुखतं म्हणून बरेच डॉक्टर रात्री देतात. प्रोप्रानोलॉलने मात्र उबळ वाढू शकते. ती स्वतःहून एकदम थांबवू नका, उद्याच हृदयवाल्यांना दाखवा.

अण्णा_सातारकर: काहीही! प्रोप्रानोलॉलसारखे बीटा ब्लॉकर हृदयाला जपतात. आमचे मामा बायपासनंतर मेटोप्रोलॉलवर ठणठणीत आहेत.

कॅथलॅबवाला: मामांना ब्लॉक होते, तिथे बरोबरच आहे. इथे बीटा दाबला की धमनी आकसवणाऱ्या अल्फाला रान मोकळं. आणि प्रोप्रानोलॉलवर डिल्टियाझेम चढवली तर नाडी फार मंदावू शकते. म्हणून बदल डॉक्टरांनीच करायचा.

शिल्पा_७७: डोकं चढलं की सुमाट्रिप्टान घेतात का? तीही धमन्या आकसवते.

मुग्धा_के: घेतात!! कुणी विचारलंच नाही.

अण्णा_सातारकर: अँजिओग्राफीचे पैसे मेडिक्लेमने दिले का? आमचे अडकलेत.

मुग्धा_के: अपडेट. नव्या डॉक्टरांनी ईसीजी बघून डिल्टियाझेम लावली, प्रोप्रानोलॉल हळूहळू कमी करतायत, सुमाट्रिप्टान बंद. पहाट शांत आहे, पण मायग्रेन उसळलंय आणि सिगारेटवरून घरात महाभारत. डिल्टियाझेम किती दिवस घ्यायची?

कॅथलॅबवाला: ते त्यांनाच विचारा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू देऊ नका, उबळ उसळून येते. जिभेखालची गोळी उशाशी असू द्या, बसून घ्यायची, बीपी पडतं.

खवय्या: दूध चालू केलं का?