शब्दचर्चा : अर्जात ‘उचल’ लिहावं की ‘अग्रिम’ की ‘कर्ज’?

बालाघाटी (धारूर)
पत्रकारितेच्या एका फेलोशिपसाठी अर्ज करायलीय. दोन पानांचं पत्र लिहायचंय. विषय ऊसतोड मजुरांना हंगामाआधी मुकादमाकडून मिळणाऱ्या उचलीचा आहे. अर्ज वाचणारे पुण्या-मुंबईचे, एखादा दिल्लीचाही असेल. पहिला परिच्छेद सध्या असा आहे :

‘मराठवाड्यातील लाखो ऊसतोड कामगार पिढ्यानपिढ्या कर्जाच्या विळख्यात अडकले आहेत. त्यांच्या वेदनांना वाचा फोडण्यासाठी मी हा प्रकल्प हाती घेऊ इच्छिते.’

मुळात मी ‘उचल’ लिहिलं होतं. एका मैत्रिणीनं सांगितलं, बाहेरच्यांना कळणार नाही, ‘कर्ज’ कर. मला ते खटकायलंय, पण का ते सांगता येईना. शिवाय अर्जात दोन प्रश्न आहेत, हे काम आताच का आणि ते तुम्हीच का. त्यांना मराठीत नीट मथळे काय द्यावेत?

शब्दवेडा (पुणे)
‘उचल’ हा बोलीतला शब्द आहे. औपचारिक पत्रात ‘अग्रिम’ लिहावं, तो प्रमाण आणि शासनमान्य आहे. ‘कर्ज’ही चालेल, कारण घेतलेले पैसे परत करायचेच असतात. मथळ्यांसाठी ‘प्रासंगिकता’ आणि ‘समर्पकता’ सुचवतो.

अभ्यासिका (नांदेड)
ताई, फेलोशिपला आधी ‘अधिछात्रवृत्ती’ लिहा. मी पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीला अर्ज केला तेव्हा विषय समितीची मंजुरी आणि मार्गदर्शकांचं पत्र जोडावं लागलं होतं. तुमचा मार्गदर्शक कोण आहे? गृहीतकं किती मांडलीत?

बालाघाटी
ही विद्यापीठाची नाही हो. बातमीदारी करायची, मालिका छापून आणायची. मार्गदर्शक नाही, संपादकाचं पत्र मात्र लागतं.

जुना उपसंपादक (छत्रपती संभाजीनगर)
‘अग्रिम’ म्हटलं की माझ्यासमोर सण अग्रिम घेणारा सरकारी कर्मचारी येतो. त्याला पैसे मिळतात, पगारातून हप्त्यानं कापले जातात, आणि हप्ते संपेपर्यंत नोकरी कुठं जात नाही. कार्यालयात ‘तसलमात’ही असते, ती कामाच्या खर्चासाठी घेतात आणि पावत्या देऊन मिटवतात. ऊसतोडीच्या उचलीत यातलं काहीच बसत नाही.

‘कर्ज’ का खटकतं ते सांगतो. कर्जाला मुद्दल, व्याज, मुदत असते आणि ते पैशानं फेडतात. उचल ही न केलेल्या कामाची आगाऊ मजुरी आहे. ती टनानं फिटते. आपल्याकडे कर्ज ‘फेडलं का’ असं विचारतात, पण हंगामाहून परतलेल्याला ‘उचल फिटली का’ असं विचारतात. फेडणं माणसाच्या हातात असतं. फिटणं ऊस किती मिळाला, कारखाना किती दिवस चालला, पोरगं आजारी पडून किती खाडे झाले यावर असतं. तुमची बातमी नेमकी इथं आहे, आणि ‘कर्ज’ लिहिलंत की ती झाकली जाते.

आणि हे कर्ज असेल तर सावकार कोण? कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो आणि आगाऊ रक्कम त्याला देतो. तो मुकादमाला देतो, मुकादम टोळीतल्या कोयत्यांना वाटतो. मजुराच्या हातात येईपर्यंत कारखान्याचं नाव कागदावरून गेलेलं असतं. पैसे बुडाले तर वाहतूकदार मुकादमाला धरतो, मुकादम मजुराला. ही साखळी पत्रात दोन वाक्यांत यायलाच हवी.

शब्दवेडा
मग ‘इसार’ का नको? व्यवहाराआधी दिलेले पैसे, तोच अर्थ.

जुना उपसंपादक
इसार देणारा मागे फिरला तर इसार बुडतो, व्यवहार मोडतो. इथं काम थांबलं तरी बाकी मजुराच्या अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाच्या उचलीत चढते. त्यामुळं नाही. पण तुमच्या एका म्हणण्यात तथ्य आहे. परक्या वाचकासाठी पहिल्यांदा शब्द येईल तिथं एक वाक्य उलगडून लिहावं, आणि पुढं सगळीकडं ‘उचल’च ठेवावं.

कोयतेकरी (वडवणी)
उलगडायचं तर ‘कोयता’ पण उलगडा. माझ्या पुतण्यानं कुठंतरी ‘पंधरा कोयत्यांची टोळी’ लिहिलं, तर समोरच्यानं विचारलं, हत्यारं मोजायलात का! नवराबायको मिळून एक कोयता. एकटी बाई आली तर अर्धा कोयता, उचलही अर्धी.

आणि निस्त्या उचलीवर थांबू नका. हंगामात बाजारहाटाला खर्ची देतात, ती पण हिशेबात वजा होते. आम्ही एक साल वही बघितली, तर उचलीपेक्षा खर्चीचाच आकडा कळंना. मुकादम म्हणला पाडव्याला बसून करू. पाडवा गेला, आखाजी गेली. वही त्याच्याकडं, आमच्याकडं तोंडचा हिशेब.

बालाघाटी
दादा, खर्ची माझ्या डोक्यात होती, पत्रात घातली नव्हती. घालते.

आता ‘आताच का’. मी लिहिलंय की ‘आज हा प्रश्न अत्यंत ज्वलंत बनला आहे’.

जुना उपसंपादक
हे वाक्य वीस वर्षांपूर्वीच्या अर्जातही चाललं असतं, म्हणून ते काढा. ‘प्रासंगिकता’ असा मथळा दिला की असलीच वाक्यं सुचतात. अर्जात विचारलंय तसंच साधं ‘आताच का’ ठेवा आणि उत्तरात तारीख द्या.

तारीख तुमच्या हाताशी आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं. करार २०२३-२४ पासून तीन हंगामांचा. म्हणजे २०२५-२६ चा हंगाम त्यातला शेवटचा, आणि त्यानंतर नव्या दराची बोलणी. त्याआधीचा हंगाम आखूड गेला. २०२४-२५ चं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं, आणि मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक कारखान्यांचे पट्टे पडले. दर वाढला, पण काम करायचे दिवस कमी झाले. यात उचल फिटली की अंगावर राहिली, हा तुमचा प्रश्न. ‘ऊसतोड मजुरांचे हाल’ हा नुसता विषय झाला, त्याचं उत्तर शोधायला कुणी कुठं जाणार? हा प्रश्न घेऊन मात्र वडवणीला जाता येतं.

हिशेब मांडून दाखवतो. दर टनाला ३६६ रुपये धरा, एका कोयत्याची उचल १ लाख धरा. ती फिटायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन पडले तर १३७ दिवस. हंगाम १०० दिवस चालला तर २०० टन, म्हणजे ७३,२०० रुपये. अंगावर राहिले २६,८००, आणि खर्ची अजून धरलेलीच नाही. पत्रात हे नमुन्याचं गणित आहे असं स्पष्ट लिहा. खरे आकडे वहीतून काढणं हेच तुमचं काम, आणि वही मिळाली नाही तर काय, तेही लिहा.

कोयतेकरी
दोन टन रोज नसतो पडत. ऊस लोळलेला असला, गाडी आली नाही, तर एक पण नाही. आणि चांगल्या फडात तीन पण पडतो. सरासरीवर जाऊ नका.

जुना उपसंपादक
बरोबर. म्हणून एका टोळीतले दोन-तीन कोयते घेऊन हंगामभर त्यांच्या खेपांच्या पावत्यांवरनं टन मोजावेत. पावती गाडीच्या वजनाची असते, कोयत्याची नाही, ही अडचण आधीच लक्षात घ्या. वाटणी टोळीतल्या टोळीत होते.

मोंढा (परभणी)
सरळ ‘वेठबिगारी’ लिहा ना. १९७६ च्या कायद्यात आगाऊ पैशाचाच उल्लेख आहे. उचल घेतली म्हणजे वेठबिगारी झाली. निवड समितीवरही परिणाम होईल.

जुना उपसंपादक
अर्धंच बरोबर आहे. कायद्यात आगाऊ पैसा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. त्या बदल्यात दुसरीकडं काम करायची किंवा हिंडायफिरायची मोकळीक गेली, किंवा मजुरी नाममात्र मिळाली, असं काही सोबत लागतं. १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवरचं काम सक्तीचं ठरवलं, तो धागा इथं लागू शकतो. पण तेही मोजून दाखवावं लागेल. पत्राच्या पहिल्या ओळीत ‘वेठबिगारी’ लिहिलंत तर निकाल आधी दिला आणि तपास नंतर, असं होईल. एखाद्या टोळीतल्या माणसाला डांबून ठेवल्याचं, कोऱ्या मुद्रांकावर सही घेतल्याचं हाताला लागलं, तर त्या प्रकरणापुरता शब्द वापरा.

मोंढा
डांबून ठेवल्याच्या बातम्या दर वर्षी वाचतोच की आपण. मला हे फार सावध वाटतं.

बालाघाटी
पहिला परिच्छेद पुन्हा लिहिलाय :

‘ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ मजुरीला आमच्याकडे उचल म्हणतात. ती पैशाने नव्हे, तोडलेल्या उसाच्या टनांनी फिटते. २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण पुढचाच हंगाम आखूड गेला. बीड जिल्ह्यातल्या एका टोळीच्या तीन कोयत्यांसोबत २०२५-२६ चा हंगाम राहून मी एवढेच तपासणार आहे : न फिटलेली उचल शेवटी कुणाच्या अंगावर राहते आणि ते कोणत्या कागदावर लिहिलेले असते.’

‘मीच का’मध्ये सध्या ‘मी ऊसतोड कामगारांची मुलगी असून मला या प्रश्नाची जाण आहे’ एवढंच आहे.

शब्दवेडा
परिच्छेद चांगला झाला, ‘उचल’ ठेवल्याचं मान्य. फक्त ‘अंगावर राहते’ ऐवजी ‘शिल्लक राहते’ करा.

कोयतेकरी
शिल्लक तर चांगली असती की ओ. शिल्लक ज्याच्याकडं पैसा उरतो त्याची. आमच्या अंगावर असते ती बाकी.

जुना उपसंपादक
‘जाण आहे’ हे कुणीही म्हणतं. तुम्हाला काय करता येतं ते लिहा. मुकादमाच्या वहीतल्या खुणा वाचता येतात का? फडावर कोपीत राहणार का? तीन कोयत्यांपैकी कुणी नाव छापू नका म्हणालं तर काय करणार? आणि टोळी कुणाची धरलीत?

बालाघाटी
वही वाचता येते, शाळेत असताना हिशेब मीच लिहून द्यायचे. टोळी चुलत्यांची आहे. ते मुकादम आहेत. म्हणूनच वही बघायला मिळेल.

मोंढा
मग हे पत्रात लिहू नका. समिती नाही म्हणेल.

जुना उपसंपादक
लिहायलाच हवं, आणि ‘मीच का’च्या दुसऱ्या वाक्यात. नंतर कळलं तर सगळी मालिका संशयात जाईल. माझं मत, चुलत्यांच्या वहीवर वही वाचायला शिका आणि बातमीसाठी दुसऱ्या मुकादमाची टोळी धरा.

कोयतेकरी
दुसरा मुकादम वही दाखवतोय होय! चुलत्याचीच धरा पोरी, पण हिशेब मजुराच्या तोंडून पण घ्या आणि दोन्ही शेजारी शेजारी छापा.

बालाघाटी
यावर चुलत्यांशीच बोलावं लागंल. अर्जाची मुदत रविवारपर्यंत आहे, आणि ते सध्या टोळीला उचल वाटत हिंडायलेत.